साडेतीन ते साडेसहा

ताई,

मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मास्टर्ससाठी जर्मनीत मागडेबुर्गला आले. मूळची इचलकरंजीची. इंजिनिअरिंगची चार वर्षं पुण्यात हॉस्टेलला काढली, त्यामुळे घरची आठवण वगैरे मला येणार नाही असं वाटत होतं. आता नोव्हेंबर संपत आलाय. चार वाजता अंधार पडतो. रात्री इतकं शांत असतं की झोप लागत नाही. आमच्याकडे रात्रभर मागांचा खडखडाट असतो, तो नसला की काहीतरी बंद पडलंय असं वाटत राहतं. मी दोनपर्यंत जागते, कारण तेव्हा तिकडे आई उठून चहा ठेवते आणि आम्ही बोलतो. मग सकाळची लेक्चर्स जातात. दुपारी पुन्हा फोन. घरचे जेवायला बसले की व्हिडिओ सुरू ठेवते. गेल्या आठवड्यात फ्लॅटमधल्या जर्मन मुलीने स्वयंपाकघराच्या दाराला चिठ्ठी लावली, की रात्री दहानंतर स्वयंपाक करू नका आणि खिडकी उघडा. तेव्हापासून मी खोलीतच ब्रेड खाते. बाबांनी कर्ज काढलंय, चारपैकी दोन माग विकलेत. घरी सांगते की सगळं मस्त आहे. डिसेंबरमध्ये कायमचं परत यावं असं रोज वाटतं. येऊ का?

– एक इचलकरंजीकर

प्रिय इचलकरंजीकर,

आधी घड्याळाचा हिशेब मांडू. तुझ्या पत्रातली निम्मी दुखणी मला त्या घड्याळातच दिसताहेत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं एक तास मागे गेली. तोवर तुझ्यात आणि घरात साडेतीन तासांचं अंतर होतं, ते साडेचार झालं. म्हणजे इचलकरंजीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तुझ्याकडे दुपारचे साडेतीन झालेले असतात. घरी आठ ते अकरा हा सगळ्यांत भरलेला वेळ. बाबा कारखान्यातून आलेले, ताटं मांडलेली, शेजारचं कुणीतरी डोकावून गेलेलं. तुझ्या बाजूला तेच तीन तास साडेतीन ते साडेसहा असे पडतात. आता मागडेबुर्गात त्या वेळात काय चालतं ते बघ. दुपारचं लेक्चर संपतं आणि पोरं दाराबाहेर घोळक्याने उभी राहून युबुंगची, म्हणजे सरावाच्या तासाची, गणितं कोण कुणाबरोबर सोडवणार ते ठरवतात. लायब्ररीत टेबलं भरतात. बॅडमिंटनचे, व्हॉलीबॉलचे वर्ग सुरू व्हायला लागतात. आणि दिवसाचा उरलासुरला उजेडही तेव्हाच असतो. तुझ्याशी कुणीतरी बोलण्याची दिवसातली जी काय शक्यता आहे, ती बहुतेक याच तीन तासांत आहे. त्या वेळी तू दार लावून घरच्यांच्या पंगतीत बसलेली असतेस.

मग साडेसहाला घर झोपतं. तुझ्यापुढे आख्खी संध्याकाळ आणि रात्र मोकळी उरते, बाहेर काळोख, कुणाशी ओळख नाही. ती रात्र ढकलत ढकलत तू आईच्या चहापर्यंत नेतेस. तिकडे साडेसहा, इकडे दोन. दोनला बोलून झोपलीस की उठायला अकरा वाजणार, आणि चारला अंधार पडणाऱ्या गावात अकराला उठणं म्हणजे हातात जेमतेम पाच तासांचा उजेड. त्यातलाही काही भाग फोनवर जातो. शरीर मागडेबुर्गात आणि दिवस इचलकरंजीत अशी ही ओढाताण आहे. ती कुणालाही थकवेल. त्यावरून तू कच्ची ठरत नाहीस.

पुण्यात हे झालं नाही, याचं कारण साधं आहे. तिथून घर एका एसटीच्या अंतरावर होतं. शुक्रवारी जीव कासावीस झाला तर शनिवारी सकाळी घरी चहा प्यायला पोचता यायचं. बहुतेक वेळा तू गेलीही नसशील, पण जाता येतं हे माहीत असणंच पुरेसं होतं. शिवाय पुण्यात दुकानदार, रिक्षावाला, मेसच्या काकू यांच्याशी दिवसभरात पन्नास वाक्यं आपोआप बोलली जायची. ती मैत्री नव्हती, पण त्या बोलण्याने दिवस भरायचा. मागडेबुर्गात सुपरमार्केटच्या काउंटरवर ‘हालो’ आणि निरोपाचं ‘च्यूस’ एवढ्यावर काम होतं. पन्नास वाक्यांची दोन झाली, की घरच्या फोनवर सगळा भार येतो.

फोन बंद कर असं मी सांगणार नाही. ते क्रूर होईल आणि टिकणारही नाही. मी २००९ साली ड्रेस्डेनला शिकायला गेले तेव्हा आमच्या घरी साताऱ्यात इंटरनेट नव्हतं. पाच युरोचं कॉलिंग कार्ड घ्यायचं आणि ते संपलं की बोलणं संपलं. मला तेव्हा त्याचा फार राग यायचा. आता मात्र वाटतं की त्या कार्डाने माझ्या संध्याकाळी वाचवल्या. तुझ्या फोनला तसा काठ नाही, तो तुला स्वतः घालावा लागेल. त्यासाठी फोनची फक्त वेळ हलवायची.

सकाळी साडेसातला फोन कर. तिकडे बारा वाजलेले असतात, आईचा स्वयंपाक झालेला असतो, बाबांची जेवायची वेळ जवळ आलेली असते. पंधरा-वीस मिनिटं बोल, आणि तेही घरात बसून नको, ट्रामकडे चालता चालता. ट्राम आली की ‘चल, ठेवते’ म्हणायला खरं कारण मिळतं. रविवारी मात्र मनसोक्त दोन तास बोल. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, रस्ते सुने, सगळं गाव घरात असतं. एकट्या माणसाला आठवड्यातला तोच दिवस सर्वांत जड जातो, म्हणून लांबलचक फोन त्या दिवसासाठी राखून ठेवायचा. सकाळी साडेदहाला लावलास तर घरी दुपारचे तीन, सगळे निवांत. आणि साडेतीन ते साडेसहा या वेळात, सोमवार ते शुक्रवार, फोन दप्तरात.

आईला हे आधी सांगून ठेव. नाहीतर दोन दिवस पहाटेचा फोन आला नाही की ती घाबरेल. ‘आई, रात्री जागून माझी सकाळची लेक्चर्स जाताहेत, आता तू डबा भरत असशील तेव्हा फोन करीन’ एवढं वाक्य पुरे. चहाची वेळ सुटली याचं तिलाही वाईट वाटेल. आठवडाभर दोघींना जड जाईल.

झोपेचं म्हणशील, तर झोपायची वेळ बदलायच्या मागे लागू नकोस. उठायची बदल. अकराला उठणाऱ्या माणसाने रात्री दहाला अंथरुणावर पडून उपयोग नाही, तो छताकडे बघत राहतो आणि त्याच वेळी घर सगळ्यांत जास्त आठवतं. दर दोन दिवसांनी गजर एक तास अलीकडे आण. अकराचे दहा, दहाचे नऊ. सातवर यायला आठ-नऊ दिवस लागतील. दुपारची झोप या काळात पूर्ण बंद. उठल्यावर तासाभरात घराबाहेर पड आणि अर्धा तास उघड्यावर चाल, एल्बे नदीच्या काठाने गेलीस तर उत्तमच. आभाळ कितीही राखाडी असलं तरी बाहेरचा उजेड हजार लक्सच्या वर असतो, खोलीतल्या दिव्याचा दोन-तीनशेच्या आसपास. डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही, पण शरीराचं घड्याळ त्याच उजेडावर लागतं. डिसेंबरात मागडेबुर्गचा दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो. आपल्याकडे ऐन थंडीतही अकरा तास असतो. तुझं शरीर आयुष्यात पहिल्यांदा हे बघतंय. आळस, सारखी गोड खायची इच्छा, अंग जड वाटणं यातला काही वाटा या अंधाराचा आहे, सगळा आठवणीचा नाही. तिथे दहा हजार लक्सचे दिवे मिळतात, सकाळी अर्धा तास समोर ठेवून वाचत बसायचं. कुणाकडून उसना मिळाला तर वापरून बघ. पण डोळ्यांचा काही आजार असेल किंवा मूड फार वर-खाली जाण्याचा त्रास पूर्वी झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचार. जर्मनीत ऑक्टोबर ते मार्च या काळातल्या उन्हातून त्वचेला ड जीवनसत्त्व जवळपास बनवताच येत नाही, तेही त्याच भेटीत विचारून घे.

आणि मागांचा आवाज. तो वाचून मी थांबले, कारण हे नेमकं दुखणं कुणी इतक्या सरळ लिहीत नाही. घरी कुणाला तरी सांग, फोन कारखान्याच्या दाराशी ठेवून वीस मिनिटं खडखडाट रेकॉर्ड करून पाठवायला. रात्री दिवा मालवल्यावर अगदी बारीक आवाजात लावून ठेव. सतत एकसुरी चालणाऱ्या आवाजात झोप लागायची सवय ज्याला आहे, त्याला पूर्ण शांततेत प्रत्येक छोटा आवाज दचकवतो. जिन्यातलं दार, पाइपमधलं पाणी. यात लाजण्यासारखं काही नाही. मुंबईहून येणारी पोरं पंख्याचा आवाज लावून झोपतात.

आता ती चिठ्ठी. तू तिचा अर्थ ‘तू आम्हाला इथे नको आहेस’ असा लावलास. मीही तसाच लावला असता. पण चिठ्ठीच्या शेवटी ‘एलजी’ अशी दोन अक्षरं होती का, ते आठवून बघ. ‘लीबं ग्रूसं’, म्हणजे आपल्याकडच्या पत्रातलं ‘सप्रेम नमस्कार’. जर्मन घरांत चिठ्ठी लावणं हा भांडणाचा प्रकार नाही. समोरच्याला तोंडावर ओशाळं करू नये म्हणून लिहून सांगतात. आपल्याकडे हेच आपण तिसऱ्याच्या कानावर घालतो किंवा चेहरा पाडून सुचवतो. जे नको ते थेट सांगणं तिथे सभ्यपणाचं मानतात, आणि गप्प राहून मनात ठेवणं बेभरवशाचं. तुझ्या कानाला तो सूर झोंबणार, कारण आपल्याकडे इतकं थेट माणूस संबंध तोडायच्या वेळीच बोलतो.

मजकुरातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ही तिथे शांततेची वेळ, ती घराच्या नियमांतच लिहिलेली असते. पावणेअकराला कुकरची शिट्टी झाली तर पातळ भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला ती काय आहे हेही कळत नाही, ते उठून बसतं. खिडकीचं कारण वेगळं. ती घरं थंडीसाठी इतकी घट्ट बांधलेली असतात की फोडणीची वाफ आत कोंडते, भिंतीला ओल धरते, बुरशी येते. बुरशी आली की खोली सोडताना तिचे पैसे अनामत रकमेतून कापले जाऊ शकतात. म्हणून पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या आणि मग बंद करायच्या, दिवसातून दोन-तीनदा, बर्फ पडत असला तरी. त्याला ते लुफ्टन म्हणतात. अर्धवट तिरकी खिडकी तासन्‌तास ठेवून ते साधत नाही, नुसती खोली गार होते.

उद्या संध्याकाळी तिच्या दारावर टकटक कर. फार बोलू नकोस. ‘चिठ्ठी वाचली. दहाची वेळ मला माहीत नव्हती, आता आठच्या आत स्वयंपाक उरकते आणि नंतर खिडकी उघडते. अजून काही खटकत असेल तर मला थेट सांग.’ इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल. तीनदा सॉरी म्हणू नकोस, तिला ते कळणार नाही आणि तुला स्वतःचाच राग येईल. मग पुढच्या आठवड्यात एकदा भात आणि आमटी जरा जास्त टाक आणि तिला विचार, ‘बुधवारी सातला मी स्वयंपाक करतेय, जेवशील का?’ वार आणि वेळ सांगायची. ‘कधीतरी जेवायला ये’ हे तिथे आमंत्रण धरत नाहीत, नुसतं गोड बोलणं समजतात. ती नाही म्हणाली तर त्या बुधवारी तिला जमत नाही, इतकाच त्याचा अर्थ. जर्मन माणूस दोन आठवडे पुढचं कॅलेंडर भरून ठेवतो. दुसरी तारीख विचार.

ती चांगलीच असेल अशी हमी मी देत नाही. वासावरून, रंगावरून घालून पाडून बोलणारी माणसं तिथेही आहेत. तशी वेळ आलीच तर ते सोसून घेऊ नकोस. तारीख आणि शब्द लिहून ठेव आणि विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाकडे किंवा इंटरनॅशनल ऑफिसात जा. पण खिडकी उघड म्हणणारी चिठ्ठी त्यात मोडत नाही. काही झालं तरी स्वयंपाकघर सोडू नकोस. तूही त्याचं भाडं भरतेस. आज रात्रीच गरम काहीतरी शिजव, मऊ भात आणि मेतकूट असलं तरी चालेल. गरम जेवण बंद झालं की माणूस फार झपाट्याने खचतो, हे मी तिथे वर्षानुवर्षं बघत आले.

मैत्रीबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, कारण ‘लोकांत मिसळ’ असं सांगणारे तुला दहा जण भेटले असतील. कसं मिसळायचं ते कुणी सांगत नाही. ओरिएंटेशन वीकमधल्या पार्ट्यांतून फार थोड्या मैत्र्या झालेल्या मी पाहिल्यात. चाळीस जणांना नाव सांगायचं, गाव सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला ओळखत नाही. तिथली ओळख पिकते ती दर आठवड्याला त्याच वारी, त्याच जागी, त्याच दहा-बारा माणसांच्यात जाऊन. म्हणून असं एकच ठिकाण धर. विद्यापीठाचे खेळांचे वर्ग असतात, त्याला होखशूलश्पोर्ट म्हणतात, सेमिस्टरची फी अगदी माफक. नोव्हेंबरपर्यंत ऑनलाइन जागा भरलेल्या दिसतील, पण पहिल्या उत्साहाची माणसं एव्हाना गळलेली असतात, तेव्हा थेट वर्गावर जाऊन विचार. जर्मनचा संध्याकाळचा वर्गही चालेल. फक्त ते ठिकाण त्या साडेतीन ते साडेसहाच्या आसपासचं असू दे.

माझं ठिकाण व्हॉलीबॉल होतं, दर मंगळवारी. मला खेळता येत नव्हतं. पहिले तीन आठवडे ‘हालो’पलीकडे कुणी काही बोललं नाही, आणि परत येताना ट्राममध्ये मी ठरवायचे की आता पुरे. चौथ्या मंगळवारी ताप होता म्हणून गेले नाही. पाचव्या मंगळवारी नेट बांधणारा एक मुलगा मान वर करून म्हणाला, गेल्या वेळी कुठे होतीस? बस, एवढंच. पण त्या शहरात माझं नसणं पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. तोवर एक महिना गेला होता. तुलाही तेवढा धरावा लागेल, म्हणून तीन वेळा जाऊन सोडू नकोस. सहा वेळा जा आणि मग ठरव.

भारतीयांत राहू नकोस, नाहीतर भाषा येणार नाही, असंही तुला कुणी सांगितलं असेल. मला ते पटत नाही. दिवसभर परक्या भाषेत वावरणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन तास मराठी बोलायला मिळालं तर जीव हलका होतो, दुसऱ्या दिवशी तेच जर्मन जरा बरं बोलता येतं. मागडेबुर्गात भारतीय विद्यार्थी भरपूर आहेत, त्यांत कोल्हापूर-सांगलीकडचं कुणीतरी निघेलच. शनिवारी एकत्र स्वयंपाक करा. काळजी एकाच गोष्टीची घे. काही फ्लॅटांत आठ-दहा जण रोज रात्री जमून, इथलं सगळं कसं वाईट आहे, एवढाच विषय चघळतात. त्या बैठकीतून उठताना जाण्याआधीपेक्षा जड वाटत असेल, तर तिथे जाणं कमी कर.

आता परत येण्याबद्दल. सरळ सांगते, डिसेंबरात ठरवू नकोस. वर्षातला सर्वांत काळोखा महिना, जागरणाने शिणलेलं डोकं, आणि सेमिस्टर अर्धं राहिलेलं. या स्थितीत घेतलेला निर्णय बरोबर होता की चूक, हे तुला नंतर कधीच कळणार नाही. निर्णयाला तारीख दे. १५ मार्च. तोवर परीक्षा झालेल्या असतील, दिवस बारा तासांवर आलेला असेल, आणि तू अडीच महिने तरी नीट झोपलेली असशील. त्या दिवशीही परत यावंसं वाटलं तर बिनदिक्कत परत ये, त्यात हार नाही. मध्येच ‘येऊ का’ हा प्रश्न डोक्यात आला की त्याला १५ मार्च दाखवायचा.

नुसत्या सुट्टीसाठी नाताळात घरी येण्याच्याही मी विरोधात आहे. तिकिटं तेव्हा सर्वांत महाग असतात, सुट्टी जेमतेम दोन आठवड्यांची, आणि परतलीस की समोर जानेवारी आणि परीक्षा. ऑक्टोबरातला पहिला आठवडा तुला नव्याने भोगावा लागेल. मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर ये, एप्रिलपर्यंत वर्ग नसतात. त्या तिकिटाची तारीख आताच ठरवलीस तर आईलाही मोजायला दिवस मिळतील.

बुडालेल्या लेक्चर्सचं ओझं वाटतं त्यापेक्षा कमी आहे. तिथे बहुतेक लेक्चर्सना हजेरी नसते आणि बहुतेक विषयांचे मार्क एका शेवटच्या परीक्षेवर असतात. सहा आठवडे गेले असतील तर अजून आठेक शिल्लक आहेत. मास्टर्सला सेमिस्टरचे ३० क्रेडिट धरलेले असतात, म्हणजे साधारण पाच-सहा विषय. तू या वेळी तीन धर, फार तर चार. उरलेल्यांच्या परीक्षेची नोंदणी करू नकोस, किंवा केली असेल तर मुदतीत मागे घे. ही मुदत मात्र चुकवू नकोस, कारण नाव तसंच राहिलं आणि गेली नाहीस तर तो नापास धरला जातो, आणि एका विषयाला संधी मोजक्याच असतात, बहुतेक ठिकाणी तीन. याला किंमत आहे, ती लपवत नाही. पुढे एक सेमिस्टर वाढू शकतं. व्हिसासाठी जो ९९२ युरो महिन्याचा खर्च धरतात, त्या हिशेबाने सहा महिन्यांचे सहा हजार युरोंच्या आत-बाहेर होतात. पण सहा विषय धरून चार नापास झालीस तरी सेमिस्टर वाढतंच, आणि व्हिसा वाढवताना प्रगती दाखवावी लागते, तिथेही ते अडचणीचं ठरतं.

बाबांचे माग तुझ्या पत्रात एका वाक्यात आलेत, पण मला वाटतं सगळं पत्र त्या वाक्यावर उभं आहे. दोन माग विकून मुलीला पाठवणाऱ्या माणसाला ‘मस्त चाललंय’ ऐकवत राहणं तुला जड जातंय, आणि जितकं खोटं वाढतं तितका फोन लांबतो. मग बोलायला काही उरत नाही, नुसता व्हिडिओ चालू राहतो. येत्या रविवारी त्यांना एकट्यांना फोनवर घे आणि सांग, ‘बाबा, पहिले दोन महिने मला जड गेले. माझं मन लागत नव्हतं. आता वेळापत्रक बदललंय. या वेळी चारच विषय देणार आहे.’ अडचण आणि तिच्यावर चाललेला उपाय, दोन्ही एकाच दमात सांग. नुसती अडचण सांगितलीस तर ते रात्रभर कूस बदलतील. माग चालवणाऱ्या माणसाला धागा तुटणं नवीन नसतं. तो माग थांबवतो, गाठ मारतो, पुन्हा सुरू करतो. ते तुला रागावतील असं मला वाटत नाही.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. घरची आठवण लाटेसारखी येते. मेतकुटाचा वास आला की भरून येतं, तासाभराने एखाद्या गोष्टीवर हसूही येतं. ते हसू दोन आठवड्यांत एकदाही आलं नाही, आंघोळ करावीशी वाटत नाही, खाल्लेलं बेचव लागतं, सगळ्याचीच चव गेली, तर त्याला आठवण म्हणू नकोस. श्टुडेंटेनवेर्क म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था, तिच्या मानसिक समुपदेशनाची वेळ घे. ते विद्यार्थ्यांसाठी मोफत असतं, इंग्रजीत बोलता येतं का ते वेळ घेतानाच विचार, आणि तिथे बोललेलं विद्यापीठाला किंवा व्हिसा ऑफिसला जात नाही. खरं म्हणजे इतकं बिघडण्याची वाट न बघता आताच एक वेळ घेऊन ठेव, कारण डिसेंबरात रांग वाढते. पुढे उपचार लागलेच तर तुझ्या सरकारी आरोग्य विम्यात ते बसतात, पण थेरपिस्ट मिळायला काही महिने जाऊ शकतात. आणि जगू नये असा विचार एकदा जरी डोक्यात आला, तर त्याच रात्री ०८०० १११ ०१११ हा नंबर लाव. टेलेफोनझेलसॉर्गं ही संकटातल्या माणसांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास, मोफत. फोन उचलणारा जर्मनमध्ये बोलेल, तू ‘इंग्लिश, प्लीज’ म्हण. जिवाला धोका आहे असं वाटलं तर थेट ११२. आणि शेजारच्या खोलीचं दार वाजव, मग ते त्याच चिठ्ठीवाल्या मुलीचं का असेना.

एक राहिलं. नाताळात तुझं डॉर्म रिकामं होणार आहे. जर्मन मुलं २२-२३ तारखेपर्यंत घरी जातात, स्वयंपाकघरातले आवाज थांबतात, आणि ज्यांनी काहीच ठरवलेलं नसतं त्यांच्या ते चार-पाच दिवस अंगावर येतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मजल्यावर विचार, कोण कोण राहतंय. इराणी, चिनी, केरळचे, कुणी ना कुणी असतंच. २४ च्या संध्याकाळी सातला सगळ्यांना तुमच्या स्वयंपाकघरात बोलाव आणि प्रत्येकाला एकेक पदार्थ आणायला सांग. तू पिठलं-भात कर, बेसन आशियाई दुकानात मिळतं. वाणसामान २३ लाच भर. २४ ला दुकानं दुपारीच बंद होतात आणि २५, २६ उघडतच नाहीत. २७ ला रविवार आलेला असेल तर आणखी एक दिवस. कांदे आणि दूध जरा जास्तच आण.

– ताई